आठवा आठवडा दोनदा

कोणत्याही महाविद्यालयात सत्राच्या आरंभी विद्यार्थ्यांच्या हाती जे चार पानांचे पत्रक पडते, आणि ज्यात कोणत्या आठवड्यात कोणता पाठ होणार, कोणते ग्रंथ वाचावयाचे व गुणदान कोणत्या नियमाने होणार याचा तपशील दिलेला असतो, ते पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचणारे इसम माझ्या माहितीत दोनच आहेत. एक, नापास झालेला विद्यार्थी. आणि दुसरा, छापण्यापूर्वी ते तपासून देण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडले आहे तो मुद्रितशोधक. पैकी पहिला ते अशा बारकाईने वाचतो की दिवाणी दाव्यातल्या वकिलानेही लाजावे. परंतु त्याचे वाचन निकाल लागल्यावर सुरू होत असल्यामुळे त्याला सापडलेल्या चुका दुरुस्त करण्याची वेळ टळून गेलेली असते, आणि मग त्या चुकांचे अर्ज होतात, अर्जांवर शेरे पडतात व शेऱ्यांचा निवाडा करण्यासाठी समित्या बसतात. दुसऱ्याने आपले काम नीट केले तर यातले काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल आजवर कोणाचा सत्कार झाल्याचे मी ऐकलेले नाही.

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका या लांबलचक नावात जोडरेघेच्या उजवीकडे जो निजामपूर बसला आहे, त्यालाच आम्ही रहिवासी निजामपुरा म्हणतो. आणि बाहेरगावच्या माणसाला भिवंडीची ओळख जशी यंत्रमागांच्या खडखडाटाने होते, तशी आम्हाला ती तो खडखडाट थांबल्याने होते, कारण वीज गेली की अचानक जी शांतता पसरते तिच्यात माझ्यासारख्याचे चित्त उडून जाते व ऱ्हस्वदीर्घ निसटू लागतात. छापखान्यात मुद्रिते वाचण्यात आयुष्य घालवून मी निवृत्त झालो, ही वार्ता आळीत कोणापासून लपलेली नाही. त्यामुळे लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, दुकानांच्या पाट्या आणि क्वचित एखाद्या उमेदवाराचा जाहीरनामा असे नाना प्रकारचे वाङ्मय माझ्या ओटीवर येऊन पडते. त्याच ओघात जून २०२४ मध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक तरुण प्राध्यापक आपल्या नव्या सत्राचे पत्रक घेऊन आले. विषय होता मराठी विनोदी वाङ्मय, चार श्रेयांकांचा. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी पत्रके साऱ्याच महाविद्यालयांत निघतात.

"काका, फक्त शुद्धलेखन बघा," ते म्हणाले, "बाकी सगळं गेल्या वर्षीचंच आहे."

या वाक्याचा उत्तरार्ध ऐकताच मी पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. आमच्या व्यवसायात पेन आणि पेन्सिल यांचे अधिकार निराळे असतात. 'विनोदि' असे छापलेले असेल तर मुद्रितशोधक पेनाने त्याची वेलांटी दीर्घ करतो आणि कोणाला विचारीत नाही. परंतु जिथे दोन वाक्ये परस्परांच्या विरुद्ध बोलतात आणि त्यांपैकी खरे कोणते हे केवळ लेखकालाच ठाऊक असते, तिथे त्याने समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावे आणि थांबावे. अभ्यासक्रमाच्या पत्रकात पेनाचे काम अत्यल्प असते. त्याचे प्रत्येक पान एकेकटे वाचले तर निष्कलंक भासते. एका पानाची दुसऱ्याशी गाठ घालून द्यावी, तेव्हा कुठे भांडणाला तोंड फुटते. म्हणून असले पत्रक वरून खाली वाचण्यात अर्थ नाही. ते आडवे वाचावे लागते: पहिल्या पानावरचे बोट न काढता तिसरे पान उघडावयाचे, आणि दोन्हीकडे पंचांग ठेवावयाचे.

पंचांगापासूनच आरंभ केला. दुसऱ्या पानावरच्या तक्त्याची पहिली ओळ होती: 'आठवडा पहिला, सोमवार, ३ जुलै'. भिंतीवरच्या कालनिर्णयात ३ जुलैला बुधवार होता. एवढ्यावरून ही टंकलेखनाची चूक आहे असे अनुमान कोणी घाईने काढील. पण रीत अशी की एक तारीख चुकली तर लगेच दुरुस्त करू नये, आणखी दोन तपासाव्यात. खालच्या ओळीत '१५ ऑगस्ट, मंगळवार, सुटी' असे होते, आणि २०२४ सालचा स्वातंत्र्यदिन गुरुवारी येत होता. तिसरी तारीख ९ ऑक्टोबर, पत्रकात सोमवार, प्रत्यक्षात बुधवार. तिन्ही ठिकाणी अंतर नेमके दोन वारांचे. चुका जेव्हा टंकलेखकाच्या बोटांमुळे होतात तेव्हा त्या अशा शिस्तीत उभ्या राहत नाहीत. एक इकडे पडते, एक तिकडे. सरसकट एका वाराचे अंतर दिसले तर रकाना गेल्या वर्षीचा समजावा, आणि दोन वारांचे दिसले तर गेल्या वर्षीचा असून मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेली आहे असे समजावे. २०२४ हे लीप वर्ष होते. प्राध्यापकमहाशयांनी पत्रकाच्या शीर्षकात साल तेवढे बदलले होते. आतली सारी प्रजा २०२३ चीच नांदत होती.

आता नुसते वार सरकवले, ३ जुलैच्या जागी १ जुलै केला व तसेच पुढे पंधरा ओळी खाली उतरत गेलो, तर काम भागेल असे प्राध्यापकांना वाटले. त्यांची ही समजूत मोडणे मला क्रमप्राप्त होते, कारण १५ ऑगस्टसारख्या सुट्या इंग्रजी तारखेला बांधलेल्या असतात, परंतु गणपती आणि मोहरम हे चंद्राचे ताबेदार आहेत. २०२३ साली श्रावण अधिक आला होता, त्यामुळे गणेश चतुर्थी लांबत जाऊन १९ सप्टेंबरला पडली. २०२४ साली अधिक मास नसल्याने ती मागे सरकून शनिवार, ७ सप्टेंबरला आली. मोहरमची सुटी हिजरी कालगणनेप्रमाणे मागे आली ती शनिवार, २९ जुलैवरून बुधवार, १७ जुलैवर. गेल्या वर्षी तिने एकही तास खाल्ला नव्हता, यंदा खाल्ला. त्याच १७ जुलैला आषाढी एकादशीही होती. आमच्या निजामपुऱ्यात एका भिंतीवर कालनिर्णय आणि समोरच्या दुकानात हिजरी तारखांची जंत्री अशी जोडी असल्यामुळे हा ताळा मला ओटीवर बसल्या बसल्या घेता आला. पण ज्या गावात दोहोंपैकी एकच टांगलेले असते तेथल्या तक्त्यांचे काय होत असेल कोण जाणे.

इथवर जे झाले ते साधे होते. खरी गंमत आठवड्यांच्या क्रमांकात होती. तक्त्यात ओळी पंधरा होत्या आणि शेवटच्या ओळीवर 'आठवडा चौदावा' असे लिहिलेले होते. बोट लावून मोजत वर गेलो तो आठवा आठवडा दोनदा भेटला: पहिल्या आठव्यात राम गणेश गडकऱ्यांचा बाळकराम, दुसऱ्या आठव्यात 'बाळकराम (पुढे चालू)'. गेल्या वर्षी बाळकराम एका आठवड्यात आटोपला नाही म्हणून एक ओळ वाढवली, आणि वाढवलेल्या ओळीला नवा क्रमांक देण्याऐवजी वरचाच डकवला, ही त्यामागची हकिकत प्राध्यापकांनी आढेवेढे न घेता सांगितली. अशी चूक ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे: शेवटच्या ओळीचा क्रमांक आणि ओळींची संख्या यांचा मेळ घालावा. परंतु ती सोपी असल्यामुळेच कोणी घालीत नाही, कारण मनुष्य तक्ता वाचू लागला की विषय वाचतो, आकडे नुसते पाहतो.

आठवा दोनदा आल्याने पुढचा प्रत्येक आठवडा आपल्या खऱ्या क्रमांकापेक्षा एकाने लहान झाला. पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरांत आज्ञा होती: 'अंतर्गत चाचणी दहाव्या आठवड्यात होईल.' आता दहावा कोणता? तक्त्यात ज्यावर 'दहावा' असे लिहिले आहे तो वस्तुतः अकरावा, म्हणजे तारखा सुधारल्यावर ९ ते १२ सप्टेंबर. चतुर्थी ७ तारखेची, गौरींचे आवाहन १० ला, पूजन ११ ला आणि विसर्जन १२ ला. म्हणजे ज्या दिवसांत अर्धा वर्ग कोकणात असतो आणि उरलेला अर्धा आरत्यांच्या आवाजाने बसलेला असतो, त्या दिवसांत विनोदी वाङ्मयाची लेखी चाचणी योजलेली होती. आणि 'गणेशोत्सवाची सुटी' म्हणून जी ओळ होती ती पुढच्या आठवड्यात, १६ तारखेपासून, जेव्हा अनंत चतुर्दशी १७ ला असल्याने गणपती निघण्याच्या तयारीला लागलेले असणार. गेल्या वर्षी या दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या, हे त्यांच्याविषयी आदराने नमूद केले पाहिजे.

उपाय सुचला तो असा की आठवड्यांना खरे क्रमांक द्यावेत, म्हणजे 'दहावा आठवडा' आपोआप २ ते ५ सप्टेंबर होतो आणि चाचणी गणपतीच्या आधी उरकते. एका चुकीने केलेले नुकसान दुसरी चूक दुरुस्त केल्याने भरून निघावे, असा योग या धंद्यात विरळा. म्हणून मी काही क्षण तृप्त होऊन बसलो. नंतर तिसरे पान पाहिले. तिथे लिहिले होते: 'चाचणीसाठी घटक १ ते ३.' आणि तिसरा घटक तक्त्याप्रमाणे संपत होता तो खऱ्या अकराव्या आठवड्यात. म्हणजे चाचणी आधी घेतली तर न शिकवलेल्या भागावर, आणि नंतर घेतली तर गौरीपुढे. हे पेनाचे काम नव्हे. समासात प्रश्नचिन्ह काढून मी पत्रक परत केले, आणि दुसऱ्या दिवशी 'घटक १ व २' अशी दुरुस्ती होऊन ते खाली आले. प्राध्यापकांनी जो निर्णय घ्यावयास हवा होता तो त्यांनीच घेतला, हे महत्त्वाचे. मी घेतला असता तर तो बरोबर ठरूनही बेकायदा झाला असता.

तासांचा हिशेब मी सहज म्हणून मांडला आणि मांडल्याचा पश्चात्ताप झाला. चार श्रेयांक म्हणजे साठ तास, एका श्रेयांकाला पंधरा या मानाने. आठवड्याला सोमवार ते गुरुवार चार तासिका, पंधरा आठवडे, एकूण साठ. पत्रकात हिशेब तोंडाला तोंड मिळवून बसला होता. पण त्यातून १७ जुलै गेली, १५ ऑगस्ट गेला, गणपतीच्या चार तासिका गेल्या, ईद-ए-मिलादची एक व गांधीजयंतीची एक गेली, उरल्या बावन्न. शिवाय आमच्या बाजूच्या अनेक महाविद्यालयांत तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची असते. साठ पूर्ण तास भरावयाचे तर तसल्या पंचाहत्तर तासिका लागतात, हे मी कागदावर करून दाखवले तेव्हा प्राध्यापकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विषय बदलला. काही विसंगती पत्रकाच्या नसून व्यवस्थेच्या असतात. त्यांवर पेन्सिल झिजवू नये.

ईदच्या सुटीचे जाता जाता सांगतो. आम्ही ती १६ सप्टेंबरला, सोमवारी धरली, कारण जाहीर यादीत ती तशीच होती. पुढे ऐन सप्टेंबरात विसर्जन दुसऱ्याच दिवशी येते म्हणून शासनाने मुंबई शहर व उपनगरांसाठी ती १८ तारखेला नेली. आदल्या वर्षी तर अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या होत्या, आणि सुटी २९ ला दिली गेली होती. जूनमध्ये बसलेल्या मुद्रितशोधकाला सप्टेंबरातला शासननिर्णय वाचता येत नाही. तेव्हा अशा ओळीपुढे 'शासनाच्या आदेशाधीन' एवढे दोन शब्द घालून मोकळे व्हावे. ते घातले होते म्हणून निभावले.

वाचनयादीकडे वळलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि माझ्याकडे आमच्या शेजारच्या कारखान्याचे मेहताजी चहाला आले होते. यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी म्हणजे हिशेबनीस: किती तागे उतरले, कोणाची किती मजुरी झाली, हे ज्याच्या वहीत असते तो. मेहताजींची पुतणी त्याच वर्गात बसणार होती, त्यामुळे त्यांना पत्रकात स्वारस्य होते. त्यांनी यादी माझ्या खांद्यावरून वाचली आणि विचारले, "भाऊसाहेब, ही कुणाच्या लग्नाची?"

त्यांचा काही दोष नव्हता. यादीतली पहिली दोन नावे होती 'श्री. कृष्ण कोल्हटकर' आणि 'चि. वि. जोशी'. मूळ नावे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर व चिंतामण विनायक जोशी. श्रीपादाचे संक्षिप्त 'श्री.' झाले की ते आदरार्थी 'श्री.'पासून डोळ्यांना वेगळे काढता येत नाही. एखादा शिस्तप्रिय कारकून 'यादीत कोणालाच श्री. लावू नये' असा नियम लावून ते उडवतो, आणि आमचे सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या यांचे जनक कृष्ण कोल्हटकर या नावाने नव्याने जन्म घेतात. चिं. वि. जोशींचे तर एका टिंबावर अवलंबून आहे. अनुस्वार गळाला की चिमणराव व गुंड्याभाऊ यांचा निर्माता चिरंजीव होऊन पत्रिकेत वराच्या जागी उभा राहतो. अशा नावांची तपासणी नुसती नजरेने होत नाही. ग्रंथालयाच्या नोंदीतले पूर्ण नाव शोधून अद्याक्षरे पुन्हा त्यावरून बनवावी लागतात. मी सर्वच नावे पूर्ण छापावीत असे सुचवले, जागा दीड ओळ अधिक लागली, वाद मिटला.

यापेक्षा अद्भुत नोंद चौथी होती: 'झेंडूची फुले, केशवसुत, १९२५.' मराठी कवितेच्या विडंबनांचा तो प्रसिद्ध संग्रह आचार्य अत्र्यांचा, आणि त्यांनी तो केशवकुमार या नावाने लिहिला. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक मानले गेलेले, विडंबनाशी ज्यांचा संबंध असलाच तर विडंबित होण्यापुरता, असे गंभीर कवी. 'केशव' एवढे टंकले की पुढचे 'सुत' यंत्र आपणहून सुचवते, आणि घाईत मनुष्य यंत्राचे ऐकतो, एवढीच त्यामागची मीमांसा. मात्र ही चूक पकडण्याला कवितेचे ज्ञान लागतेच असे नाही. केशवसुत १९०५ साली निवर्तले. पुस्तक १९२५ चे. वाचनयादीत लेखकाचे मरण आणि पुस्तकाचे जनन यांमध्ये वीस वर्षांचे अंतर दिसले तर एकतर पुस्तक मरणोत्तर प्रसिद्ध झालेले असते, किंवा साल पुनर्मुद्रणाचे असते, किंवा लेखक दुसराच असतो. आणि तिन्ही शक्यता पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्राध्यापकांना मी ही नोंद दाखवली तेव्हा ते हसता हसता थांबले, कारण गेल्या वर्षी तीच नोंद साऱ्या वर्गाने टिपून घेतली होती.

आवृत्तीचा घोटाळा याहून सूक्ष्म होता आणि मला तो सर्वांत आवडला. यादीत होते: 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे, निवडक लेख क्रमांक १९ ते २४.' जाणकाराच्या लक्षात येईल की कोल्हटकरांच्या या पुस्तकाचे उपनाम हीच त्याची मोजदाद आहे. पहिल्या रूपात त्यात अठरा लेख होते म्हणून ते अठरा धान्यांचे कडबोळे. पुढे लेख वाढून बत्तीस झाले तेव्हा उपनाम बदलून साहित्यबत्तिशी झाले. अठरा धान्यांच्या कडबोळ्यातून एकोणिसावे धान्य वेचून आणण्याची कामगिरी विद्यार्थ्यांवर सोपवलेली होती. ज्याला जुनी प्रत मिळेल तो पुस्तकाची शेवटची पाने फाटली आहेत असे समजून ग्रंथपालाशी भांडणार, आणि ज्याला बत्तिशी मिळेल तो यादीतले पुस्तक हे नव्हेच म्हणून ती परत करणार. दोघेही प्रामाणिकपणे न वाचता राहणार. इलाज असा की लेखांचे क्रमांक व पृष्ठांक गाळून लेखांची नावे द्यावीत. पृष्ठांक आवृत्तीगणिक बदलतात, क्रमांक कधीमधी बदलतात, शीर्षके सहसा टिकतात. पु. ल. देशपांड्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड निघाली: तक्त्यात तेराव्या आठवड्यापुढे 'बटाट्याची चाळ' होती, यादीत 'व्यक्ती आणि वल्ली'. दोन्ही उत्तम, पण ग्रंथालयातून एक आणायचे आणि वर्गात दुसरे शिकायचे, ही व्यवस्था विनोदी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमाला शोभणारी असली तरी सोयीची नव्हती.

यानंतर गुणदानाचे पान. इथे मेहताजींनी चष्मा लावला.

पहिल्या पानावर अंतर्गत मूल्यमापन ४० गुण, सत्रान्त परीक्षा ६० गुण असे स्पष्ट होते. चौथ्या पानावर अंतर्गत गुणांची फोड होती: लेखी चाचणी १५, निबंध १०, तोंडी सादरीकरण १०, उपस्थिती व सहभाग १०. मी वरून खाली बेरीज करीत होतो तोच मेहताजींनी खालून वर करून संपवली. "पंचेचाळीस होतात," ते म्हणाले. "आमच्याकडे तागा पाच मीटर जास्त निघाला तर कुणी तोंड उघडत नाही, पण मुलांना हे पाच मिळणार का, तेवढं विचारून घ्या." प्रश्न मार्मिक होता. फोडीची बेरीज एकूण गुणांहून अधिक झाली की प्रत्येक विद्यार्थ्याला वाटते की वरचे पाच बोनस आहेत. आणि परीक्षा विभागाला वाटते की ते कापावयाचे आहेत, कोठून ते मात्र ठाऊक नसते. चौकशीअंती कळले की सादरीकरण हा प्रकार गेल्याच वर्षी घातला, त्याचे दहा गुण काढावे म्हणून निबंधाचे पंधरावरून दहा केले, आणि उरलेले पाच चाचणीतून काढावयाचे राहून गेले.

बेरीज ही निदान डोळ्यांना दिसते. उत्तीर्णतेच्या नियमाचे तसे नाही. त्याची तीन वाक्ये तीन ठिकाणी होती आणि तिन्ही वाक्ये मराठी भाषेच्या दृष्टीने निर्दोष होती. पहिल्या पानावर: 'दोन्ही विभागांत स्वतंत्रपणे ४० टक्के आवश्यक.' चौथ्या पानावर: 'अंतर्गत २५ पैकी १० व सत्रान्त ७५ पैकी ३० गुण आवश्यक.' आणि तळटीपेत, बारीक टाईपात: 'एकूण १०० पैकी ४० गुण मिळवणारा उत्तीर्ण.' मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत गेल्या दशकभरात ६०:४० आणि ७५:२५ ही दोन्ही प्रमाणे निरनिराळ्या काळी नांदून गेल्यामुळे पत्रकांमध्ये त्यांचे असे थर साचतात. जुने खरवडून काढण्याची जबाबदारी कोणावरच नसते आणि नवे वर लिहिण्याची घाई सर्वांनाच असते.

अशा वेळी नियम वाचत बसू नये. एक विद्यार्थी कल्पावा आणि त्याला तिन्ही नियमांतून चालवून पाहावा. समजा, एखाद्याला अंतर्गत ३० आणि सत्रान्त परीक्षेत २० गुण मिळाले. तळटीपेप्रमाणे त्याची बेरीज ५०, म्हणजे तो ऐटीत उत्तीर्ण. पहिल्या पानाप्रमाणे त्याला साठांपैकी २४ हवे होते, मिळाले २०, म्हणजे तो अनुत्तीर्ण. आणि चौथ्या पानाप्रमाणे त्याने अंतर्गत परीक्षेत २५ पैकी ३० गुण मिळवले, ही गोष्ट त्या बिचाऱ्याच्या उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेपलीकडची, बहुधा चमत्काराच्या सदरात मोडणारी. कल्पित विद्यार्थी निवडताना मात्र दक्षता अशी घ्यावी की तो एका विभागात चांगला आणि दुसऱ्यात वाईट असावा. दोन्हीकडे हुशार किंवा दोन्हीकडे मठ्ठ असलेला मुलगा कोणत्याही नियमातून सारख्याच निकालाने बाहेर पडतो, आणि विसंगती झाकून ठेवतो. तिन्ही वाक्यांपैकी कोणते राखावे हे ठरवण्याचा अधिकार ना माझा, ना प्राध्यापकांचा. विद्यापीठाचे चालू परिपत्रक आणून त्याप्रमाणे एकच वाक्य एकाच जागी ठेवले, उरलेल्या दोन ठिकाणी 'पाहा: पृष्ठ १' एवढेच केले. नियम एकदाच लिहावा आणि इतरत्र त्याकडे बोट दाखवावे; तो दोनदा लिहिला की पुढच्या वर्षी एकदाच दुरुस्त होतो.

उपस्थितीचाही असाच प्रकार होता: पंचाहत्तर टक्क्यांहून कमी उपस्थिती असणारास परीक्षेला बसता येणार नाही असा दंडक, आणि खाली '५० ते ७५ टक्के उपस्थितीस ४ गुण' अशी उदार तरतूद. परीक्षेलाच न बसणाऱ्याला हे चार गुण कोणत्या लोकी उपयोगी पडावेत, याचा खुलासा नव्हता. श्रेणींच्या तक्त्यात '६० ते ७०' आणि '७० ते ८०' असे शेजारी शेजारी असल्याने नेमके सत्तर गुण मिळवणारा दोन्ही घरांचा जावई ठरत होता. तेथे '६० ते ६९.९९' केले.

शेवटी उशिरा येणाऱ्या निबंधाचा नियम राहिला. तिसऱ्या पानावर: 'मुदतीनंतर आलेला निबंध कोणत्याही कारणास्तव स्वीकारला जाणार नाही.' चौथ्या पानावर: 'मुदतीनंतर प्रत्येक दिवसास २ गुण वजा.' निबंध दहा गुणांचा. दुसऱ्या नियमाने पाचव्या दिवशी शून्यावर यावयाचे, पहिल्याने पहिल्याच दिवशी. याहून उघड विसंगती साऱ्या पत्रकात नव्हती, आणि मी प्रश्नचिन्हही त्या मानाने मोठे काढले होते. पण बाकीच्या सर्व दुरुस्त्या मुकाट्याने मान्य केलेले प्राध्यापक इथे अडून बसले.

"तेवढं राहू द्या, काका," ते म्हणाले. "पहिला नियम वर्गात वाचून दाखवायला आहे. दुसरा पाळायला."

मेहताजींनी मान डोलावली. कारखान्यातही हीच पद्धत असावी. मी प्रश्नचिन्ह खोडून टाकले, आणि निदान दोन्ही नियम एकाच पानावर घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तपासणाऱ्याला तिसरे पान उलटावे लागणार नाही, एवढी सूचना समासात लिहून पत्रक छापण्यास योग्य असल्याचा शेरा मारला.